नऊ टक्क्यांचा बाँड १०९ ला, पाच टक्क्यांचा ९१.५० ला: कूपन, करंट यील्ड आणि वायटीएम काढून पाहताना

निवडायचं होतं दोन बाँडमधून एक. दोन्ही एकाच जारीकर्त्याचे, दोन्हींची मुदत बरोबर पाच वर्षं उरलेली, दोन्हींवर व्याज दर सहा महिन्यांनी, आणि मुदत संपली की दोन्ही दर्शनी मूल्याला, म्हणजे १०० ला फेडले जाणार. फरक दोनच. पहिल्याचं कूपन, म्हणजे दर्शनी मूल्यावर वर्षाला मिळणारं व्याज, ५ टक्के आणि भाव ९१.५०. दुसऱ्याचं कूपन ९ टक्के आणि भाव १०९. बाजारात बाँडला कूपनवरूनच ओळखतात, म्हणून इथेही त्यांना पाचवाला आणि नऊवाला म्हणू.

कागदावर पहिला आकडा येतो तो कूपन दराचा, आणि तो सर्वात कमी उपयोगाचा. बाँड काढला त्या दिवशी तो दर ठरला आणि तो दर्शनी मूल्यावर मोजला जातो. नऊवाला दर सहा महिन्यांनी ४.५० देणार, पाचवाला २.५०. भाव ८० झाला काय किंवा १२० झाला काय, त्या रकमा बदलत नाहीत. आपण दर्शनी मूल्य मोजून बाँड घेत नसू, तर कूपन दर आपल्याला फक्त एवढंच सांगतो की हातात किती पैसे कधी पडतील. त्याला परतावा म्हणणं चूक आहे. भाव नेमका १०० असेल तेवढ्याच वेळी कूपन दर, करंट यील्ड आणि वायटीएम, म्हणजे मुदत संपेपर्यंतचा परतावा, हे तिन्ही एका आकड्यावर येतात.

दुसरी पायरी करंट यील्डची. वर्षभराचं कूपन भागिले आजचा भाव. नऊवाल्याचं ९ ÷ १०९ म्हणजे ८.२६ टक्के. पाचवाल्याचं ५ ÷ ९१.५० म्हणजे ५.४६ टक्के. अंतर सुमारे २.८ टक्क्यांचं. इथे बरेच जण थांबतात आणि नऊवाला उचलतात, कारण हा आकडा खोटा नाही. वर्षभरात गुंतवलेल्या रकमेवर खरोखरच तेवढी रोकड येते. पण ही रोकड कुठून येते, हे करंट यील्ड विचारत नाही. आज १०९ मोजलेत आणि पाच वर्षांनी १०० परत मिळणार आहेत, ही गोष्ट त्या भागाकारात कुठेच नाही.

म्हणून वायटीएमकडे जाण्याआधी आम्ही एक साधी बेरीज केली, आणि ती कुणीही आधी करावी. पाच वर्षांत नऊवाल्यातून कूपनं येणार ४५, आणि मुद्दलात तोटा ९ चा. निव्वळ ३६. हे ३६ मिळवायला १०९ लावावे लागले, म्हणजे शंभरामागे ३३.०३. पाचवाल्यातून कूपनं २५, आणि मुद्दलात फायदा ८.५०. निव्वळ ३३.५०, आणि तेही ९१.५० वर, म्हणजे शंभरामागे ३६.६१. करंट यील्डने दाखवलेला क्रम एवढ्या बेरजेतच उलटला. यात पैसा कधी येतो याचा हिशेब अजून नाही, पण कुठल्या बाजूला बघायचं ते कळलं.

पैसा कधी येतो ते धरलं की मिळतो तो वायटीएम, यील्ड टू मॅच्युरिटी. त्याची व्याख्या एका वाक्यात बसते: पुढे येणाऱ्या सगळ्या रकमा ज्या दराने आजच्या किमतीत आणल्या की त्यांची बेरीज आजच्या भावाइतकी होते, तो दर. अडचण अशी की हा दर सरळ सूत्रातून बाहेर पडत नाही. अंदाज घ्यायचा, बेरीज करायची, भावाशी ताडायचं, पुन्हा अंदाज घ्यायचा. संगणकही आतून हेच करतो. एकदा हाताने केलं की पुढे संगणकाने चुकीचं उत्तर दिलं तर ते डोळ्यांना खटकतं, म्हणून आम्ही ते हाताने केलं.

पहिल्या अंदाजासाठी एक कच्चं सूत्र चालतं. वर्षाच्या कूपनात दरवर्षीचा सरासरी फायदा मिळवायचा किंवा तोटा वजा करायचा, आणि त्याला भाव व दर्शनी मूल्य यांच्या सरासरीने भागायचं. नऊवाल्यात ९ चा तोटा पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला १.८०. उरले ७.२०. सरासरी रक्कम १०४.५०. उत्तर ६.८९ टक्के. पाचवाल्यात वर्षाला १.७० चा फायदा, म्हणून ६.७० भागिले ९५.७५, उत्तर ७.०० टक्के. हे आकडे अंतिम म्हणून लिहू नयेत, पण खरं उत्तर यांच्या आसपासच सापडतं.

कूपन सहामाही आहे, म्हणून मोजणी वर्षांत नाही, सहामाहीत करायची. पाच वर्षं म्हणजे दहा सहामाह्या, आणि ६.८९ चं निम्मं साधारण ३.४५. हिशेब सोपा जावा म्हणून ३.५ टक्क्यांपासून सुरुवात केली. दर सहामाहीला ३.५ टक्के धरले तर नऊवाल्याच्या ४.५० च्या दहा हप्त्यांची आजची किंमत ३७.४२५ होते आणि दहाव्या सहामाहीला मिळणाऱ्या १०० ची ७०.८९२. बेरीज १०८.३१७. बाजार तर १०९ मागतोय. बेरीज कमी पडली याचा अर्थ दर जास्त धरला गेला. दर खाली आणला की आजची किंमत वर जाते. दुसरा प्रयत्न ३.४ टक्क्यांचा. हप्त्यांची किंमत ३७.६१४, मुद्दलाची ७१.५८०, बेरीज १०९.१९४. आता जास्त झाली. उत्तर ३.४ आणि ३.५ च्या मध्ये अडकलं.

```
3.4 %  ->  109.194
  ?    ->  109.000
3.5 %  ->  108.317
```

पूर्ण अंतर ०.८७७, त्यापैकी आपल्याला ०.१९४ खाली यायचंय, म्हणजे जवळपास २२ टक्के अंतर. दर ३.४२२. दुप्पट केल्यावर नऊवाल्याचा वायटीएम ६.८४ टक्के. हीच पद्धत पाचवाल्याला लावली: ३.५ टक्क्यांना बेरीज ९१.६८, ३.६ ला ९०.९०, आणि ९१.५० साठी दर ३.५२३. वायटीएम ७.०५ टक्के.

म्हणजे करंट यील्डमध्ये २.८ टक्क्यांनी पुढे दिसणारा बाँड प्रत्यक्षात ०.२ टक्क्याने मागे आहे.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीचं काम आहे, आणि बहुतेक चुका त्या एका ओळीतच होतात.

```
=RATE(10, 4.5, -109, 100)*2
=RATE(10, 2.5, -91.5, 100)*2
```

दहा म्हणजे सहामाह्या, ४.५ म्हणजे सहामाहीचं कूपन. भावाला उणे चिन्ह, कारण ते पैसे आपल्या खिशातून जातात आणि बाकीचे खिशात येतात. चिन्ह द्यायचं राहिलं तर बहुधा `#NUM!` येतं, आणि ते बरंच, चूक निदान ओरडून तरी सांगते. वाईट चुका त्या, ज्या शांतपणे आकडा देतात. सहामाह्या दहा ठेवल्या आणि कूपन वर्षाचं ९ टाकलं, तर दुप्पट केल्यावर उत्तर १५ टक्क्यांच्या वर जातं. ते तरी खटकतं. शेवटचं `*2` विसरलं तर ३.४२ टक्के येतात, तेही खटकतात. पण दोन्हीकडे वर्षं धरून, पाच वर्षं आणि ९ चं कूपन टाकलं आणि `*2` काढलं, तर उत्तर ६.८२ येतं. हे खटकत नाही, कारण ते ६.८४ ला चिकटून आहे. हा दर वर्षातून एकदाच व्याज देणाऱ्या दुसऱ्याच बाँडचा आहे, आपल्या हातातल्या बाँडचा नाही.

आता या सगळ्याचा गाभा. एकच कूपन एका बाँडमध्ये उत्पन्न असतं आणि दुसऱ्यात अंशतः आपलंच परत येणारं मुद्दल, हे ऐकून पटत नाही. सहामाहीवार मांडलं की दिसतं. नऊवाल्यात आज १०९ लावले. सहामाहीचा खरा दर ३.४२२, म्हणजे सहा महिन्यांची खरी कमाई ३.७३. हातात आले ४.५०. मग जादा आलेले ०.७७ काय आहेत? ते १०० च्या वर मोजलेल्या ९ मधले, म्हणजे प्रीमियममधलेच परत आले. वहीतली किंमत १०९ वरून १०८.२३ झाली. पुढच्या सहामाहीत कमाई १०८.२३ वर, म्हणजे ३.७०, कूपन पुन्हा ४.५०, आणि ०.८० मुद्दलातून. किंमत १०७.४३. असं करत करत शेवटच्या सहामाहीच्या सुरुवातीला वहीत १०१.०४ उरतात, त्यावर ३.४६ कमाई होते, कूपनातले १.०४ मुद्दलाचे, आणि किंमत नेमकी १०० वर येऊन थांबते. तिथेच फेड होते. हिशेब जुळला की नाही हे पाहायची हीच जागा: शेवटची ओळ १०० वर आली नाही तर वायटीएम चुकलेला आहे किंवा सहामाह्या मोजताना एक इकडेतिकडे झालीय.

दर सहामाहीला मुद्दलातून येणारा भाग ०.७७, मग ०.८०, शेवटी १.०४ असा वाढत जातो, सारखा नसतो. कारण वहीतली किंमत उतरते तशी तिच्यावरची कमाई उतरते, आणि कूपन मात्र तेवढंच राहतं. कच्च्या सूत्रात आपण तोटा दरवर्षी सारखा धरला होता. ते उत्तर थोडं चुकतं त्याचं हे एक कारण.

हे न कळल्याने होणारं नुकसान अगदी व्यवहारातलं आहे. नऊवाला घेणारा माणूस आलेलं प्रत्येक कूपन उत्पन्न समजून खर्च करतो. पाच वर्षांनी १०० हातात येतात आणि ९ कुठे गेले हे त्याला कळत नाही. ते गेले नाहीत, त्याने ते कूपनाबरोबर थोडे थोडे खर्च केले. मुद्दल १०९ चं १०९ राखायचं असेल तर पहिल्या कूपनातले ०.७७ बाजूला ठेवावे लागतात, दुसऱ्यातले ०.८०, आणि तसंच पुढे.

पाचवाल्याची वही उलटी चालते. ९१.५० वर ३.५२३ टक्क्यांनी सहामाहीची कमाई ३.२२. हातात आले फक्त २.५०. उरलेले ०.७२ मिळाले नाहीत, पण बुडालेही नाहीत; ते किमतीत जमा झाले आणि वहीत ९२.२२ लिहिलं गेलं. पुढच्या सहामाहीला ९२.९७. इथला माणूस कमवतो जास्त आणि त्याच्या हातात येतं कमी. ज्याला दर सहामाहीला घरखर्चासाठी रोकड हवी आहे त्याच्यासाठी हा तोकडेपणा खरा आहे, आणि तेवढ्यासाठी नऊवाला घेणं चूक म्हणता येणार नाही. फक्त त्याने ती जास्तीची रोकड जास्त परतावा समजू नये.

या वहीवरून तिन्ही आकड्यांचा क्रम पाठ न करताही निघतो. भाव १०० च्या वर असेल तर कूपन दर सर्वात मोठा, त्याखाली करंट यील्ड, सर्वात खाली वायटीएम: ९.००, ८.२६, ६.८४. भाव १०० च्या खाली असेल तर कूपन सर्वात लहान, मग करंट यील्ड, आणि वायटीएम सर्वात वर: ५.००, ५.४६, ७.०५. करंट यील्ड नेहमी मध्ये, कारण ते अर्धंच काम करतं. भाव बदलला हे ते धरतं, पण मुदत संपताना १०० मिळणार हे धरत नाही. कुणी दिलेल्या तक्त्यात हा क्रम बिघडलेला दिसला, उदाहरणार्थ भाव १०४ आणि वायटीएम कूपनापेक्षा जास्त, तर एक आकडा नक्की चुकलाय किंवा फेड १०० पेक्षा जास्त रकमेला आहे. एवढी तपासणी दोन सेकंदांत होते आणि ती दरवेळी करावी.

करंट यील्ड आणि वायटीएममधलं अंतर मात्र नेहमी एवढंच नसतं, ते उरलेल्या मुदतीवर हलतं. ९ टक्के कूपनाचाच बाँड घ्या, पण फक्त एक वर्ष उरलेला आणि भाव १०२. करंट यील्ड ८.८२, वायटीएम ६.९०. प्रीमियम जेमतेम २ चा, तरी अंतर १.९२ टक्क्यांचं, कारण तो सगळा एका वर्षात जिरायचा आहे. आता तीस वर्षं उरलेला घ्या, भाव १२४.९४. प्रीमियम जवळपास २५ चा, आणि करंट यील्ड ७.२०, वायटीएम ७.००. अंतर फक्त ०.२०. त्या २५ चा तोटा तीस वर्षांपलीकडे आहे, आजच्या किमतीत त्याचं वजन फार थोडं. मुद्दल कधीच न फेडणारा बाँड असेल तर करंट यील्ड हाच त्याचा परतावा. त्यामुळे करंट यील्डने सगळ्यात जास्त फसगत होते ती अल्प मुदतीच्या, मोठ्या कूपनाच्या बाँडमध्ये.

पुढची अडचण भावाचीच. वर १०९ लिहिलं तो क्लीन भाव, म्हणजे साचलेलं व्याज सोडून. प्रत्यक्षात खात्यातून जाते ती डर्टी किंमत. समजा मागचं कूपन देऊन तीन महिने झाले आहेत. नऊवाल्यावर २.२५ व्याज साचलंय, तेव्हा विकणाऱ्याला १११.२५ द्यावे लागतात, पुढचं ४.५० चं पूर्ण कूपन आपल्याला मिळतं, म्हणून त्यातला त्याचा वाटा आधी चुकता करायचा. करंट यील्ड क्लीन भावावर काढतात. कुणी १११.२५ ने भागलं तर ८.२६ चे ८.०९ होतात, आणि पुढचं कूपन जमा झालं की भाव न हलताही आकडा पुन्हा वर उडी मारतो.

कूपनाच्या दोन तारखांच्या मध्ये खरेदी असेल तेव्हा `RATE` पुरत नाही, कारण पहिला हप्ता सहा महिन्यांनी नाही तर तीन महिन्यांनी येणार असतो. तिथे तारखा घेणारं सूत्र वापरायचं.

```
=YIELD(DATE(2025,1,15), DATE(2030,1,15), 9%, 109, 100, 2, 0)
```

क्रम असा: सौदा पुरा होण्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, कूपन दर, क्लीन भाव, फेडीची रक्कम, वर्षातली कूपनं, आणि दिवस मोजायची पद्धत. वरच्या तारखांमध्ये बरोबर पाच वर्षं आहेत, म्हणून उत्तर तेच ६.८४ टक्के येतं. आधी अशी ओळखीची खरेदी घालून सूत्र तपासावं, मग खरी तारीख टाकावी. हे सूत्र साचलेलं व्याज स्वतःच जोडून घेतं. म्हणून चौथ्या जागी खात्यातून गेलेले १११.२५ टाकले तर व्याज दोनदा धरलं जातं आणि नऊवाल्याचा वायटीएम जवळपास अर्धा टक्का कमी दिसतो. दोन बाँडमधलं खरं अंतर ०.२ आहे हे आठवलं की या एका चुकीचं वजन कळतं. शेवटचा आकडा, दिवस मोजायची पद्धत, बाँडच्या माहितीपत्रातून घ्यायची. शून्य म्हणजे महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं.

यानंतर तुलनेतली सर्वात नकळत होणारी चूक. आपला ६.८४ हा सहामाही दराची दुप्पट आहे. सहा महिन्यांनी आलेल्या व्याजावरचं व्याज धरलं तर वर्षाचा प्रभावी दर १.०३४२२ चा वर्ग उणे एक, म्हणजे ६.९६ टक्के होतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या मापांत. पण एका तक्त्यातून नऊवाल्याचे ६.९६ घेतले आणि दुसऱ्यातून पाचवाल्याचे ७.०५, तर ०.२ चं अंतर ०.०९ वर येतं. पाचवाल्याचा प्रभावी दर ७.१७ आहे. तुलनेआधी दोन्ही एकाच मापात आणायचे. कुठल्या हे महत्त्वाचं नाही.

वायटीएमचीही मर्यादा आहे आणि ती दोन्ही बाँडवर सारखी लागू होत नाही. तो दर हाती पडायचा असेल तर बाँड शेवटपर्यंत ठेवावा लागतो, आणि येणारं प्रत्येक कूपन त्याच दराने पुन्हा गुंतवावं लागतं. समजा व्याजदर उतरले आणि कूपनं वर्षाला ५ टक्क्यांनीच गुंतवता आली. नऊवाल्याची दहा कूपनं वाढून ५०.४२ होतात, मुद्दल धरून १५०.४२, म्हणजे १०९ वर प्रत्यक्ष परतावा ६.५५ टक्के. पाचवाल्यात कूपनं वाढून २८.०१, एकूण १२८.०१, आणि ९१.५० वर परतावा ६.८३. दोघेही वायटीएमच्या खाली आले, पण नऊवाला जास्त घसरला. त्याचा पैसा लवकर आणि मोठ्या हप्त्यांत सुटतो, म्हणून फेरगुंतवणुकीचा भार त्याच्यावर जास्त. दर चढले तर हेच उलट त्याच्या फायद्याचं ठरतं.

डिस्काउंटवाल्याकडे, म्हणजे १०० च्या खाली मिळणाऱ्या बाँडकडेही आंधळेपणाने जाऊ नये. इथे जारीकर्ता एकच होता, म्हणून पाचवाला ९१.५० ला मिळण्याचं कारण त्याचं लहान कूपन एवढंच होतं. कूपन बाजाराच्या चालू दराइतकं असूनही बाँड ६० ला मिळत असेल, तर तिथे बाजार मुद्दल परत येईल का यावर शंका घेतोय. त्या भावावरून काढलेला प्रचंड वायटीएम म्हणजे सगळे हप्ते वेळेवर आले तर काय मिळेल एवढंच. कराचंही तसंच: कूपन आणि मुद्दलातला फायदा यांना लागणारे नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून ०.२ इतक्या बारीक अंतरावर निवड असेल तर करानंतरच्या रकमा `RATE` मध्ये घालून दोन्ही ओळी पुन्हा चालवाव्यात.

शेवटी माहितीपत्रातली एक अट पाहायची राहते, आणि प्रीमियमवर घेतलेल्या बाँडमध्ये ती सगळा हिशेब पालटू शकते: जारीकर्त्याला मुदतीआधी फेड करण्याचा हक्क, म्हणजे कॉल. नऊवाल्यात दोन वर्षांनी १०० ला कॉल असता तर? बाजार साधारण सातने पैसे देत असताना नऊ देत राहण्यात जारीकर्त्याचा तोटा आहे. त्याला नवा स्वस्त बाँड काढून जुना फेडावासा वाटणारच. मग ९ चा प्रीमियम दहा नाही, चार सहामाह्यांत जिरणार.

```
=RATE(4, 4.5, -109, 100)*2
```

उत्तर ४.२६ टक्के. पाच वर्षांचा वायटीएम ६.८४, आणि कॉलपर्यंतचा परतावा ४.२६. करंट यील्ड दोन्ही वेळा ८.२६ च. पाचवाल्यात तीच अट असती तर लवकर फेड आपल्या फायद्याची, कारण ८.५० लवकर हातात आले असते. पण स्वस्तात घेतलेलं कर्ज जारीकर्ता लवकर फेडायला जात नाही, म्हणून त्या आशेवर काही धरायचं नाही. कॉल असलेल्या बाँडसाठी प्रत्येक कॉल तारखेचा आणि मुदतपूर्तीचा परतावा काढून त्यातला सर्वात लहान आकडा तुलनेला घ्यायचा. बाजारात त्याला यील्ड टू वर्स्ट म्हणतात.

आमच्या दोन्ही बाँडच्या माहितीपत्रांत कॉलची अट नव्हती. त्यामुळे तक्त्यात ६.८४ आणि ७.०५ हेच आकडे राहिले, दोन्ही सहामाहीच्या दुपटीत आणि दोन्ही क्लीन भावावरून. कूपनावर घर चालवायचं नव्हतं, म्हणून निवड पाचवाल्याची झाली.